गुलजारबीच्या त्रेसष्ट बाटल्या

सायखेड्यात अन्सार मनियारांचं घर विचारायचं तर त्यांचं नाव घेऊन उपयोग नाही. पोरं नुसती बघत राहतात. "गुलजारभाबीचे मालक" म्हटलं की मग तीच पोरं पुढं पळत येऊन दार दाखवतात. अन्सारभाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते घरात सिगडीपुढं बसून लाखेची कडी वळायचे, आणि गुलजारबी काचेच्या बांगड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायची. अडतीस वर्षं हेच चाललं. बोलायचं काम तिचं, गप्प बसायचं यांचं, आणि दोघांनाही ते मानवलेलं.

गुलजारबीची करामत हातात होती. बाईचा पंजा एकदा मुठीत घेऊन दाबला की माप सांगायची. सव्वादोन, दोन-सहा, अडीच. पट्टी नाही, कडं नाही. एकदा पिंपळगावच्या एका नव्या सुनेनं हट्ट धरला, मला सव्वादोनच पाहिजे, माहेरी सव्वादोनच घालत होते. गुलजारबी म्हणाली, "माहेरी घालत असशील बाई, सासरी भाकरी थापून हात अडीच झाला." सासूसकट सगळी आळी हसली आणि सुनेनं मुकाट अडीच भरल्या. आणि नावं! कोणाची कितवी सून, कोणाला मोरपंखी आवडतो, कोणाला काचेनं पुरळ येतं, सगळं डोक्यात. अन्सारभाईंना शेजारच्याचं नाव आठवायला सुपारी चघळावी लागायची.

आणखी एक होतं. बांगडी फुटली असं ती कधी म्हणाली नाही. आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. सवाष्णीच्या हातातली तर नक्कीच वाढते. गुलजारबी तर रिकाम्या टोपलीत तडकलेल्या बांगडीलाही 'वाढली' म्हणायची. नातवानं एकदा खेळताना अख्खा डबा पाडला तर ती ओरडली, "अरे मेल्या, पाच डझन वाढवल्यास की रे." रागातसुद्धा जीभ घसरली नाही.

त्या वर्षी संक्रांत आठ दिवसांवर आली होती. बांगड्यांचा खरा हंगाम. गुलजारबीला दोन दिवस कणकण होती आणि डोकं ठणकत होतं. त्यात एक नवीनच चालू झालं. घरात बसल्या बसल्या ती नाक आक्रसायची आणि म्हणायची, "लाख करपली बघा तुमची."

अन्सारभाई सिगडीकडं बघायचे. सिगडी गार. तरी त्यांनी एकदा राखेवर पाणी शिंपडलं, एकदा लाखेची डबी उचलून अंगणात ठेवली. तासाभरानं पुन्हा, "करपली." मग त्यांनी त्यांच्या परीनं निदान केलं. एवढी वर्षं घरात लाखेचा धूर, तो आता बायकोच्या डोक्यात चढला. त्यांनी तिला ताक पाजलं आणि धूर उतरायची वाट बघत बसले. मनियाराच्या घरात बाईला जळका वास आला तर लाखेवाचून दुसरं काय सुचणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ऐकेना. तोंड सुकलेलं, अंग तापलेलं, तरी टोपली घेऊन निघाली. अन्सारभाई काळजीनं मागोमाग गेले. पहिलं घर यशोदाबाईंचं. यशोदाबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जीभ, आणि गुलजारबीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. ओट्यावर बैठक बसली. गुलजारबीनं हिरवी बांगडी चढवायला घेतली, दाबताना ती तडकली, आणि गुलजारबी शांतपणे म्हणाली, "फुटली."

यशोदाबाईंचा हात तसाच राहिला.

"काय म्हणलीस, भाबी?"

"फुटली. दुसरी वाटी दे." आणि टोपलीतल्या बांगड्यांकडं बोट दाखवून, "ती वाटी. ती... मीठ. ते दे ना."

दुसरी एखादी बाई चिडली असती. मालक जिवंत असताना संक्रांतीच्या तोंडावर हातातली बांगडी 'फुटली' म्हणते म्हणजे काय. यशोदाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी गुलजारबीच्या कपाळाला हात लावला आणि मग अन्सारभाईंकडं वळल्या.

"भाई, ही कधीपासून अशी बोलती?"

"लाखेचा धूर चढलाय तिला. ताक दिलंय."

"ताकानं ताप उतरंल एक वेळ. बोली कशी बदलली? अडतीस वर्षांत जी बाई फुटली म्हणली नाय, ती आज माझ्या ओट्यावर फुटली म्हणती आन बांगडीला वाटी म्हणती. हे धुराचं काम नाय. उठा."

"संक्रांत झाली की नेतो."

"संक्रांत दरसाल येती," यशोदाबाई म्हणाल्या. "उठा म्हणते ना."

गावातल्या डॉक्टर संतोषनी तिला पाच मिनिटं तपासलं. घड्याळ दाखवून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मीठ." पेन दाखवलं. "मीठ." डॉक्टर खुर्चीतून उठलेच. त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "ताप आणि बदललेलं बोलणं एकत्र आलं की मी इथं गोळ्या देत बसत नाही. नाशिकला, आत्ता." थोरला मुलगा अदनान पिंपळगावला द्राक्षाचा टेम्पो चालवायचा. तो तसाच रिकाम्या क्रेटांसकट आला. गुलजारबी पुढं, अन्सारभाई मागं क्रेटांत, आणि यशोदाबाई कोणी न विचारता त्यांच्या शेजारी.

नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दुपारी त्यांना भेटल्या डॉक्टर निकिता. वय बत्तिशीच्या आसपास, केस कसेतरी बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं नीट बघायची सवय. त्या माहिती विचारत असतानाच गुलजारबीच्या तोंडाची उजवी बाजू फडफडली, उजवा हात झटके देऊ लागला. मिनिटभराचा खेळ. त्यांनी शिरेतून झटक्याचं औषध दिलं, हात थांबला. अन्सारभाई भिंतीला टेकून उभे राहिले.

"चाचा, वास वगैरे येतो म्हणाल्या का कधी? नसलेला?"

अन्सारभाई चमकले. या बाईला कसं कळलं? त्यांनी लाखेची सगळी हकिकत सांगितली, राखेवर पाणी शिंपडल्यापासून ताकापर्यंत. यशोदाबाईंनी 'फुटली'ची सांगितली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही अगदी मन लावून ऐकल्या. वास ओळखायची जागा आणि शब्दांची जागा मेंदूत कानालगतच्या भागात जवळजवळ असते, त्या म्हणाल्या. तिथं सूज येत असावी.

आधी डोक्याचा सिटी स्कॅन काढला. तो आला साफ.

"साफ?" अन्सारभाईंच्या जिवात जीव आला. "मग घरी न्यायचं?"

"नाही, चाचा. या आजारात पहिले काही दिवस सिटी साफच दिसू शकतो. तो काढला तो दुसरं काही, रक्तस्राव, गाठ नाही ना बघायला, आणि पाठीतून पाणी काढणं सुरक्षित आहे ना ते बघायला." मग त्या नर्सकडं वळून म्हणाल्या, "वजन किती? बावन्न? असायक्लोविरची पहिली बाटली लावा. पाणी काढायची वाट बघू नका."

अन्सारभाई गप्प माणूस, पण इथं त्यांनी तोंड उघडलं. "बाई, रागावू नका. आजार कुठला ते तुम्हाला पक्कं ठाऊक नाय. मग औषध कसं?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्यांच्यापुढं बसल्या.

"तापात ओठावर फोड येतात ना, त्याचा विषाणू असतो. बहुतेकांच्या अंगात तो झोपलेला असतो. क्वचित कधी एखाद्याच्या मेंदूत शिरतो. का शिरतो ते आम्हालाही नीट सांगता येत नाही, तुमच्या लाखेनं नव्हे एवढं नक्की. तो मेंदू जाळत जातो. औषध दिलं नाही तर दहातले सात दगावतात, आणि वाचतात त्यांतले थोडेच पहिल्यासारखे होतात. पक्की खात्री करणारी तपासणी यायला एक-दोन दिवस जातील. तेवढ्यात जे जळेल ते परत येणार नाही. आणि हे औषध? मूत्रपिंडावर नजर ठेवली, भरपूर पाणी दिलं, तर धोका कमी. नसला आजार तर बंद करू. असला आणि दिलं नसतं, तर..."

अन्सारभाई म्हणाले, "लाख जास्त तापली की करपते. करपलेली लाख पुन्हा वळत नाय. टाकून द्यावी लागती. करपायच्या आधीच सिगडीवरून काढायची, वास यायची वाट बघत बसायचं नसतं."

"अगदी तेच."

"मग लावा."

पहिली बाटली तासभर थेंब थेंब गेली. सोबत पू करणाऱ्या जंतूंचं औषधही होतं, कारण तेही अजून नाकारता येत नव्हतं. मग आला पाठीचा प्रश्न, आणि इथं सगळी पंचाईत. अदनाननं ऐकलं होतं की मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा होतो. सायखेड्यात कोणाचा तरी मेहुणा झालेला. तो मेहुणा कोण, हे त्याला सांगता येईना.

यशोदाबाई म्हणाल्या, "तुझी आई बांगडीला मीठ म्हणती, आन तू मेहुण्याची काळजी करतोस?"

डॉक्टरीणबाईंनी अदनानच्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं, मज्जारज्जू कुठं संपतो आणि सुई त्याच्या कितीतरी खाली कशी जाते. अन्सारभाईंनी अंगठ्याऐवजी सही केली. सातवीपर्यंत शिकलेले, पण सही करायची वेळ वर्षानुवर्षं आली नव्हती. ती जरा वाकडी आली.

पाणी निघालं ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. अन्सारभाईंना वाटलं, चला, यातही काही नाही. पण संध्याकाळी डॉक्टरीणबाई आकडे घेऊन आल्या. नितळ दिसणाऱ्या त्या पाण्यात पांढऱ्या पेशी दीडशेच्या घरात, त्याही बहुतेक विषाणूशी लढणाऱ्या जातीच्या. थोड्या लाल पेशी. प्रथिनं वाढलेली. आणि साखर जागच्या जागी. "पू करणारे जंतू असते तर साखर खाली गेली असती," त्या म्हणाल्या. "टीबी असती तरी बहुधा गेली असती. साखर शाबूत आहे, हे आपल्या अंदाजाला धरून आहे. विषाणूचा नमुना पुढं पाठवलाय."

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून पडद्यावर दाखवला. राखाडी मेंदूत डाव्या कानाच्या आतल्या अंगाला एक पांढरा धब्बा, कपाळाखालच्या भागाकडं सरकलेला. उजवीकडं त्याची पुसट सावली. आतला मधला गाभा मात्र त्यातून वाचलेला. "सिटीत हे नव्हतं. इथं दिसतंय. आठवणी साठवायची जागा हीच." अन्सारभाई त्या पांढऱ्या डागाकडं बघत राहिले. गावभरच्या बायकांची नावं तिथं असणार, त्यांच्या मनात आलं. मोरपंखी कोणाला आवडतो, तेही तिथंच.

तिसऱ्या दिवशी विषाणूचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

वॉर्डात आनंद झाला. अदनाननं पिशव्या भरायला घेतल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "सुटलात बाबा." गुलजारबीचा तापही उतरू लागला होता, डोळे उघडून ती बघत होती, फक्त बोलत नव्हती. अन्सारभाईंनी तर गावी फोन लावून सांगूनही टाकलं की आजार नाही निघाला.

डॉक्टर निकिता आल्या तर खाटेवर पिशव्यांची रांग.

"हे काय?"

"निगेटिव्ह आला ना, बाई," अन्सारभाई हसत म्हणाले. "औषध बंद. तुम्हीच म्हणाला होता, नसला आजार तर बंद करू."

"म्हणाले होते. पण नाही हे अजून सिद्ध झालेलं नाही." त्या पुन्हा त्याच स्टुलावर बसल्या. "पाणी काढलं तेव्हा आजार तीनच दिवसांचा होता. सुरुवातीला विषाणू पाण्यात उतरलेला नसतो कधीकधी. मेंदूत असतो, पाण्यात सापडत नाही. एमआरआयमधला डाग मी डोळ्यांनी बघितलाय, तुम्हीही बघितलाय. पाण्यातल्या पेशी बघितल्यात. एका 'नाही'साठी मी ते सगळं खोटं मानू? दोन दिवसांनी परत पाणी काढू. तोवर बाटल्या चालू."

"परत पाठीत सुई?"

"परत."

अदनान पिशवीची चेन लावत-उघडत राहिला. निर्णय अन्सारभाईंचा होता. एका बाजूला छापील कागद, त्यावर स्पष्ट 'नाही'. दुसऱ्या बाजूला केस विस्कटलेली एक पोरगी, जी म्हणत होती कागदावर जाऊ नका. त्यांनी गुलजारबीकडं बघितलं. अडतीस वर्षांत असं काही ठरवायची वेळ आली की तेच तिच्याकडं बघायचे आणि ती ठरवायची. आता ती नुसती बघत होती.

"पिशव्या सोड," ते अदनानला म्हणाले.

दोन दिवसांनी, म्हणजे आजाराच्या हिशेबानं सातव्या दिवशी, पाणी पुन्हा काढलं. त्याचा रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. विषाणू सापडला. अन्सारभाईंना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाईट बातमीनं बरं वाटलं. ते जिन्यात जाऊन बसले आणि डोळे पुसून आले. घरी नेली असती तर, एवढाच विचार ते करत होते, आणि तो पुरा करत नव्हते.

एकवीस दिवस, रोज तीन बाटल्या. सकाळी, दुपारी, झोपायच्या आधी. मूत्रपिंडावर ताण यायला लागला तेव्हा पाण्याची सलाईन वाढवली, बाटलीचा वेग आणखी कमी केला, आणि रक्ताचे आकडे खाली आले. अन्सारभाई रिकाम्या बाटल्या मोजायचे त्या मनियाराच्या रीतीनं. पहिला डझन झाला, दुसरा झाला. नर्स विचारायची, "चाचा, किती झाल्या?" "तीन डझन आन वर दोन." शेवटी भरल्या पाच डझन आणि वर तीन.

चौथ्या डझनाच्या आतबाहेर एक गंमत झाली. डॉक्टर निकिता नाडी बघायला खाटेशी बसल्या. गुलजारबीनं त्यांचा पंजा आपल्या मुठीत घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि स्पष्ट म्हणाली, "दोन-सहा."

वॉर्डात कोणालाच काही कळेना. अन्सारभाई मात्र उठून उभे राहिले.

"बाई, तुमच्या हाताचं माप हाय ते."

"बरोबर आहे?"

"तिचं चुकत नाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. नावं, घडलेल्या गोष्टी यांची आठवण ज्या जागी असते तिला मार बसला आहे, त्या म्हणाल्या, पण हाताचं कसब दुसरीकडं असतं, तिथवर आग पोचली नाही. आपण वेळेत पाणी मारलं. मग त्यांनी विचारलं, "चाची, मी कोण?" गुलजारबीनं विचार केला. "तुम्ही? पाव्हण्या का?" रोज तीनदा भेटणारी डॉक्टर, पण तिच्यासाठी दर वेळी नवी पाहुणी.

निघायच्या आधी तिसऱ्यांदा पाणी काढलं. त्यात विषाणू नव्हता. पुन्हा तोच शब्द, निगेटिव्ह. अन्सारभाईंनी पिशव्यांना हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंकडं बघून आधी विचारलं, "हा कच्चा का पक्का?"

"हा पक्का, चाचा."

आता गुलजारबी घरी आहे. सगळी पहिल्यासारखी नाही, हे सांगितलं पाहिजे. नातवाचं नाव तिला दिवसातून दोनदा विचारावं लागतं. दुपारी जेवली हे संध्याकाळी आठवत नाही. झटक्याच्या गोळ्या अजून चालू आहेत. तो जळका वास मात्र आता येत नाही, आणि घड्याळाला ती घड्याळच म्हणते. मधूनच एखादा शब्द सापडत नाही, तेव्हा हातानं हवेत गोल काढते आणि समोरच्यानं समजून घ्यायचं.

तिच्या गल्ल्यांची फेरी महिन्याभरात सुरू झाली, फक्त आता अन्सारभाई सोबत असतात. दार जवळ आलं की ते हळूच सांगतात, "ही निकमांची धाकटी. काचेनं पुरळ येतं हिला." आजवर बायकांशी चार शब्द न बोललेला माणूस आता अख्ख्या गावाची नावं, नाती, रंग पाठ करून बसला आहे. यशोदाबाई त्यांना चिडवतात, "भाई, तुम्ही एवढं बोलायला लागला, की भाबीला आता तुम्हीच ओळखू येईना." अन्सारभाई हसतात आणि पुढच्या दाराकडं वळतात.

दर दोन महिन्यांनी नाशिकला तपासायला जावं लागतं. परवा गेले तेव्हा डॉक्टर निकितांनी तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारले. गुलजारबीनं दोन सांगितले. मागच्या वेळी एक सांगितला होता. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहिलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा खुलला होता.

मग गुलजारबीनं नेहमीप्रमाणं विचारलं, "तुम्ही कोण, बाई?"

अन्सारभाईंनी नेहमीप्रमाणं सांगितलं. टेम्पोतल्या क्रेटांपासून, पाठीच्या सुईपासून, त्या छापील 'नाही'पासून, सगळं. ही गोष्ट ते आता इतकी सांगतात की दर वेळी तीत थोडी भर पडते, आणि डॉक्टरीणबाई मधेमधे दुरुस्त करतात. गुलजारबी तोंडावर पदर घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर उठली, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला काय आठवत नाय. पण यांनी खोटं सांगायचं कारण नाय. लय उपकार झाले, पोरी."

"चाची, हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात."

"म्हणले असेन," गुलजारबी म्हणाली. "तरी अजून एकदा घे."